साठ इलेक्ट्रिक बस, एक आगार, एक रात्र: चार्जिंगची डिमांड किती धरायची?

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातल्या परिवहन उपक्रमाचं हे प्रकरण. शहर आणि ठेकेदार यांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि आकडे गोल केले आहेत. हिशेबाची रीत मात्र तेव्हा वापरली होती तीच ठेवली आहे.

जुन्या डिझेल आगारात 12 मीटरच्या 60 वातानुकूलित इलेक्ट्रिक बस येणार होत्या. 54 रोज रस्त्यावर आणि 6 राखीव. बॅटरी 250 युनिटची. प्रत्येक गाडीला रोज साधारण 190 किलोमीटरची ड्युटी. गाड्या ठेकेदाराच्या, चालकही त्याचे, पैसे किलोमीटरवर. वीजजोडणी आणि विजेचं बिल उपक्रमाकडे. करार असा असला की चार्जरची संख्या एक पक्ष ठरवतो आणि डिमांडचे पैसे दुसरा भरतो. या प्रकरणातली अर्धी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली.

ठेकेदाराने 240 किलोवॅटचे 15 चार्जर सुचवले होते. प्रत्येकाला गाडीला जोडायच्या दोन गन, दोन्ही लावल्या तर प्रत्येकीला 120 किलोवॅट. म्हणजे 54 गाड्यांना 30 गन. रात्रीतून निदान 24 वेळा एक गाडी काढून तिच्या जागी दुसरी लावावी लागणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

अडचण

वीज कंपनीकडे अर्ज करताना दोन आकडे लागतात: जोडभार आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड. जोडभार म्हणजे लावलेल्या यंत्रांची बेरीज. डिमांड म्हणजे एका वेळी प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती ओढणार. उपक्रमाच्या टेबलावर दोन वेगवेगळे हिशेब पडून होते.

पहिला विद्युत विभागाचा. 15 चार्जर गुणिले 240, म्हणजे 3,600 किलोवॅट, 0.9 चा पॉवर फॅक्टर धरून 4,000 केव्हीए. त्यांनी जोडभार आणि डिमांड एकच धरली होती.

दुसरा निविदेच्या टिपणातला. 60 बस गुणिले 250 युनिट, भागिले रात्रीचे 8 तास, म्हणजे 1,875 किलोवॅट.

आगाराजवळून 11 केव्हीची वाहिनी जात होती आणि तिच्यावर सुमारे 120 अँपिअरची जागा शिल्लक असल्याचं वीज कंपनीने कळवलं होतं. 4,000 केव्हीएला 11 केव्हीवर 210 अँपिअर लागतात. म्हणजे 33 केव्हीची स्वतंत्र वाहिनी, चार-साडेचार किलोमीटर भूमिगत केबल, रस्ते खोदायची परवानगी, आणि पावसाळ्यात खोदकाम बंद. गाड्या येण्याआधी ते होणं शक्य नव्हतं. 1,875 किलोवॅट मात्र त्या 120 अँपिअरमध्ये बसत होतं, आणि म्हणूनच तो आकडा सगळ्यांना आवडायला लागला होता.

आकडा बरोबर, हिशेब चुकीचा

निविदेतला हिशेब नीट उकलून पाहिला तेव्हा त्यात एकमेकांना खोडणाऱ्या चुका सापडल्या.

राखीव 6 गाड्या रोज रिकाम्या होऊन येत नाहीत, तरी त्या धरल्या होत्या. बॅटरी पूर्ण 250 युनिट धरली होती. प्रत्यक्षात 20 टक्क्यांखाली गाडी नेऊ द्यायची नाही असा नियम होता, म्हणजे वापरायला 200 युनिट. या दोन्हींनी आकडा फुगला. उलट चार्जरमध्ये, रोहित्रात आणि केबलमध्ये जाणारी वीज, तसंच चार्जिंगच्या वेळी बॅटरी थंड ठेवायला लागणारी वीज धरलीच नव्हती. ही सगळी मिळून आम्ही 8 टक्के धरली. शिवाय आठ तास प्रत्येक गाडी गनखाली उभी असेल, हे गृहीतच खरं नव्हतं. या दोन्हींनी आकडा दबला.

पण मूळ चूक वेगळीच आहे. रात्री किती वीज लागेल हे बॅटरीच्या आकारावरून ठरत नाही, गाडी किती किलोमीटर पळाली आणि किलोमीटरला किती युनिट खाल्ली यावरून ठरतं. बॅटरीचा आकार एवढंच सांगतो की ती वीज एकदम रात्री भरता येईल की काही भाग दुपारी भरावाच लागेल.

म्हणून हिशेब किलोमीटरपासून सुरू केला. चाचणीच्या गाडीवर वर्षाची सरासरी किलोमीटरला 1.05 युनिटच्या आसपास धरता येत होती, पण मे महिन्यात भरल्या गाडीत एसी पूर्ण चालू असताना ती 1.25 वर जात होती. जोडणी मे महिन्यासाठी घ्यायची असते, सरासरीसाठी नाही. 190 किलोमीटरला 1.25 ने 237 युनिट होतात. बॅटरीत वापरण्याजोगे 200. म्हणजे दुपारी निदान 37-40 युनिट भरल्याशिवाय गाडी संध्याकाळची शेवटची फेरी करून परत येत नाही. दुपारचे 40 वजा केले की रात्री उरतात 198 युनिट.

```
रात्रीची वीज (मीटरवर) = 54 × 198 ÷ 0.92 ≈ 11,600 युनिट
```

रात्र किती तासांची?

कागदावर रात्र नऊ ते पाच. वाहतूक विभागाकडून गाड्यांच्या आत-बाहेरच्या नोंदी मागवल्या तेव्हा वेगळं चित्र दिसलं. नऊपर्यंत फक्त 8 गाड्या आत. नऊ ते दहा आणखी 10. दहा ते अकरा 20, हा सगळ्यात मोठा लोंढा. अकरा ते बारा 12, आणि शेवटच्या 4 मध्यरात्रीनंतर. आत आलेली गाडी लगेच गनखाली जात नाही. धुणं, झाडणं आणि तपासणी यांत अर्धा तास जातो. सकाळी पहिली गाडी पावणेपाचला निघते, साडेपाचपर्यंत 16 बाहेर, साडेसहापर्यंत आणखी 26, उरलेल्या 12 त्यानंतर.

हे सगळं एका खाली एक मांडलं की भार सपाट ठेवता येईल अशी खरी खिडकी साडेनऊ ते सव्वापाच, म्हणजे पावणेआठ तासांची उरते. 11,600 भागिले 7.75, म्हणजे 1,500 किलोवॅट. हा अगदी तळचा आकडा. सारं काही शिस्तीत झालं, एकही गन रिकामी राहिली नाही, तरच तो जमतो.

वरचा आकडाही काढून पाहिला. कुणीही काही आवरलं नाही, गाडी आली की गन लावली, तर काय होईल? दहा ते अकराचा लोंढा साडेदहा ते साडेअकराला गनखाली जातो आणि मध्यरात्रीच्या सुमारास 26 गन एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालतात. मीटरवर 3,400 किलोवॅट. ही टोकाची अवस्था फार वेळ टिकत नाही. अडीचनंतर बहुतेक गाड्या भरून उभ्या असतात आणि चार्जर नुसते गार होत बसतात. त्या तेवढ्या वेळेसाठी 33 केव्हीची वाहिनी ओढायची का, हा प्रश्न मग सगळ्यांना नीट दिसला.

पर्याय

4,000 केव्हीएचा पर्याय वेळेमुळेच बाद झाला. डिमांड आकार वाचतो हा मुद्दा बैठकीत जोरात मांडला गेला, पण तो तितका वजनदार नव्हता. महाराष्ट्रात चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा दरवर्ग आहे आणि त्यातला डिमांड आकार इतर उच्चदाब ग्राहकांपेक्षा बराच कमी ठेवलेला आहे. खरी बचत वाहिनी, रोहित्रं आणि वाट पाहण्यात जाणाऱ्या महिन्यांची होती.

चार्जर कमी करायचे, म्हणजे आपोआपच डिमांड कमी, असाही एक पर्याय आला. 15 ऐवजी 8 चार्जर, 16 गन. वीज पुरली असती, पण रात्रीत 38 गाड्यांची अदलाबदल करावी लागली असती आणि एक चार्जर बंद पडला की सकाळच्या गाड्या अडकल्या असत्या. गन म्हणजे निव्वळ वीज नव्हे, ती उभी राहायची जागाही आहे. हा पर्याय सोडला.

राहिला तिसरा: चार्जर 15 च ठेवायचे, पण सगळ्यांच्या मिळून ओढण्यावर सॉफ्टवेअरने मर्यादा घालायची. ती किती, आणि आतली वीज गाड्यांमध्ये कशी वाटायची, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

मर्यादा किती?

1,500 हा तळ. भरत आलेली बॅटरी शेवटच्या दहा टक्क्यांत प्रवाह कमी घेते, गाड्या बदलताना मिनिटं जातात, म्हणून रोजची मर्यादा 1,600 धरली. 11,600 युनिट 1,600 ने भरायला सव्वासात तास लागतात. हाताशी अर्धा तास उरतो.

मग वीज गेली तर? वळिवाच्या पावसात वाहिनी दीड तास बंद पडणं त्या भागात नवीन नव्हतं. खिडकी सव्वासहा तासांची झाली की त्याच कामाला साधारण 1,850 किलोवॅट लागतात. आगाराचे दिवे, वॉशिंग प्लांट आणि कार्यशाळेचे 60 मिळवले की 1,900 च्या वर. पॉवर फॅक्टर 0.98 धरून साधारण 1,950 केव्हीए. कॉन्ट्रॅक्ट डिमांड 2,000 केव्हीए मागितली. 11 केव्हीवर 105 अँपिअर, म्हणजे उपलब्ध जागेत.

निविदेतल्या 1,875 पासून हा आकडा फार लांब नाही, आणि बैठकीत कुणीतरी ते बोलूनही दाखवलं. फरक असा की आता प्रत्येक शंभर किलोवॅट कशासाठी आहेत हे सांगता येत होतं.

समान वाटप की एकामागून एक?

सॉफ्टवेअर पुरवठादाराची नेहमीची रीत समान वाटपाची होती. चार्जरपर्यंत पोचणारे सुमारे 1,470 किलोवॅट 30 गनमध्ये वाटले की प्रत्येकीला 49. दिसायला न्याय्य. पण 198 युनिट 49 ने भरायला चार तास लागतात, आणि पहिल्या फळीतल्या बहुतेक गाड्या रात्री दोन ते तीनच्या दरम्यान एकदम भरतात. रात्रपाळीला आवारात गाड्या हलवणारे शंटर दोन. एक गाडी काढून दुसरी लावायला दहा मिनिटं धरली तर 24 अदलाबदलींना दोघांना मिळून दोन तास. त्या दोन तासांत निम्म्या गन रिकाम्या, आणि गेलेली वीज परत भरून काढायला वेळच नाही. कागदावर पुरणारी मर्यादा आवारात अपुरी पडते ती अशी.

म्हणून रीत बदलली. तीसही गन लावून ठेवायच्या, पण एका वेळी 12 गाड्यांनाच पूर्ण 120 किलोवॅट द्यायचे. बाकीच्या गन लावून रांगेत. एका गाडीचा प्रवाह कमी होऊ लागला की सुटलेली वीज लगेच पुढच्या गाडीला. असं केलं की दर आठ मिनिटांना साधारण एक गाडी भरून मोकळी होते आणि शंटरचं काम रात्रभर विखुरलं जातं. एखाद्या गाडीला हलवायला वेळ लागला तरी वीज थांबत नाही, कारण लावलेली दुसरी गाडी तयार असते.

रांगेतला क्रम आलेल्या वेळेवर न ठेवता निघायच्या वेळेवर ठेवला. इथे वाहतूक विभागाने मोठी मदत केली. पूर्वीच्या सवयीने काही ड्युट्या अशा लागत होत्या की साडेअकराला आलेली गाडीच पावणेपाचला पहिली निघे. डिझेलच्या काळात त्याने काही बिघडत नव्हतं. आता लवकर आलेल्या गाड्या लवकर निघणाऱ्या ड्युट्यांना जोडल्या. या बदलाला एक पैसाही लागला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. चार्जरचा सर्व्हरशी संपर्क तुटला तर तो काय करेल? कारखान्यातून आलेली मांडणी अशी होती की संपर्क तुटला की चार्जर पूर्ण ताकदीने चालायचा. ते बदलून संपर्क नसताना प्रत्येक चार्जरने 100 किलोवॅटवरच थांबायचं असं ठरवलं; 15 चार्जरचे मिळून मीटरवर सोळाशेच्या आसपासच होतात. मग ती रात्र समान वाटपाचीच होते, गैरसोयीची, पण डिमांड ओलांडत नाही. नियमित वापर सुरू होण्याआधी एका रात्री मुद्दाम नेटवर्क बंद करून हे तपासलं.

काय झालं

रात्री अपेक्षेप्रमाणे निभावल्या. मीटरमधून काढलेल्या लोड सर्व्हेत दहा ते साडेचारपर्यंत जवळजवळ सपाट रेषा दिसत होती, 1,600 च्या आसपास.

आणि तरी दुसऱ्याच महिन्याच्या बिलात कॉन्ट्रॅक्ट डिमांड ओलांडल्याची नोंद आली: 2,240 केव्हीए. वरच्या 240 केव्हीएला दीडपट दराने आकार लागला. पहिला संशय सॉफ्टवेअरवर गेला. लोड सर्व्हे उघडला तेव्हा तो आकडा रात्रीचा नव्हताच, तो दुपारी एक ते दीडच्या दरम्यानचा होता.

सॉफ्टवेअरमधली मर्यादा रात्री नऊ ते सकाळी सहा एवढ्याच वेळेला लावलेली होती. दुपारी 40 युनिट भरायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून त्याकडे कुणी भार म्हणून पाहिलंच नव्हतं. पण पाळी बदलायची वेळ बहुतेक ड्युट्यांची एकच असल्याने गाड्या गठ्ठ्याने येत होत्या. 17 गन एकदम पूर्ण ताकदीने चालल्या की मीटरवर 2,200 च्या पुढे जातंच. मर्यादा दिवसभरासाठी लागू केली, पाळीबदल अर्ध्या-अर्ध्या तासाने विखुरला, आणि त्यानंतर तशी नोंद आली नाही.

आता करायचं तर

गाड्यांच्या आत-बाहेरच्या नोंदी निविदा काढण्याआधीच मागवायला हव्यात, आणि त्या पूर्ण चोवीस तासांच्या हव्यात. रात्रीची खिडकी असा शब्द एकदा तोंडात बसला की दुपार नजरेतून सुटते.

चार्जरच्या कंत्राटात सामायिक मर्यादा, संपर्क तुटल्यावरची वागणूक आणि मीटरशी जोडणी या तीन गोष्टी आधीच लिहून घ्यायला हव्यात. इथे त्या नंतर घालाव्या लागल्या आणि त्यावर ठेकेदाराशी बराच पत्रव्यवहार झाला. डिमांडचं बिल त्याच्या खिशातून जात नसल्याने त्याला घाई नव्हती.

दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न सध्या समोर आहे. 40 नव्या गाड्या, 36 रस्त्यावर, बॅटरी 320 युनिटची, किलोमीटर तेवढेच. जुन्या सूत्राने 40 गुणिले 320 भागिले 8, म्हणजे 1,600 किलोवॅटची भर. किलोमीटरच्या हिशेबाने: मोठी बॅटरी दिवसाचे 237 युनिट एका दमात पेलते, म्हणून सगळी वीज रात्री भरता येते, आणि मग भर 1,200 ची. दुपारचं चार्जिंग चालू ठेवून 60 युनिट तेव्हाच भरले तर रात्रीची भर 900 वर येते. म्हणजे मोठी बॅटरी घेऊन दुपारचं चार्जिंग बंद केलं तर रात्रीची डिमांड कमी न होता वाढते.

दुपार सोडू नये याला आणखी एक कारण आहे. केंद्राच्या 2023 च्या वीज ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा आहे, त्यामुळे रात्रीची वीज स्वस्त हे जुनं गणित प्रत्येक नव्या दर आदेशात तपासून घ्यावं लागतं. ठेकेदाराला मात्र दुपारी गाडी आगारात आणणं नको आहे, कारण त्या मोकळ्या फेरीचे किलोमीटर त्याला मिळत नाहीत.

900 धरा की 1,200, जुन्या 1,500 मध्ये मिळवून 11 केव्हीच्या वाहिनीवरचे 120 अँपिअर ओलांडले जातातच. म्हणून 33 केव्हीचा अर्ज आता गेला आहे, या वेळी पावसाळ्याच्या बऱ्याच आधी. त्या मोकळ्या किलोमीटरचे पैसे कुणी द्यायचे, यावर ठेकेदाराशी बोलणी चालू आहेत.